रात्री न उतरणारा रक्तदाब

काकांचा दवाखान्यातला रक्तदाब १३६/८४ होता. वय ६१, रोज एक गोळी चालू. आकडा तसा बरा दिसत होता, पण रात्री तीनदा लघवीला उठावं लागतं असं काकू म्हणाल्या आणि डॉक्टरांनी काकांच्या दंडाला २४ तासांचं बीपी मशीन बांधलं. दिवसा दर २० मिनिटांनी आणि रात्री दर अर्ध्या तासाने पट्टा आपोआप फुगतो, रीडिंग साठवतो. दुसऱ्या दिवशी कागद हातात आला तेव्हा दिवसाची वरच्या दाबाची सरासरी १३८ होती आणि झोपेतली १३४. म्हणजे घट फक्त ४ अंकांची, ३ टक्केसुद्धा नाही.

निरोगी माणसाचा दाब झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. काकांच्या हिशेबात तो १२४ च्या खाली यायला हवा होता. नुसतं आडवं पडल्यानेही थोडा फरक पडतो, पण खरं काम मज्जासंस्थेचं. गाढ झोपेत शरीराला सतत सज्ज ठेवणाऱ्या सिंपथेटिक नसांचा जोर ओसरतो, हृदयाची गती मंदावते आणि बारीक रक्तवाहिन्या सैलावतात. पहाटे जाग येण्याच्या सुमारास तो पुन्हा चढू लागतो. ही उतरण १० टक्क्यांपेक्षा कमी असली की त्याला ‘नॉन-डिपर’ म्हणतात. आयर्लंडचे डॉक्टर इऑइन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये रुग्णांची अशी विभागणी केली, तेव्हापासून हे शब्द रूढ झाले.

न उतरण्याची कारणं अनेक. घोरताना श्वास अडकत असेल, तर प्रत्येक अडथळ्यानंतर शरीर दचकून जागं होतं आणि दाब उसळतो. दीर्घकाळच्या मधुमेहात दाब सांभाळणाऱ्या नसाच दुबळ्या होतात. रात्रपाळी, दुखण्याने मोडलेली झोप, हेही आहेच. मला मात्र सगळ्यात विचार करायला लावणारं कारण वाटतं ते मूत्रपिंडाचं, कारण काकांच्या तीन वेळच्या उठण्याचा धागा तिथेच लागतो.

दिवसभरात खाल्लेलं मीठ मूत्रपिंडाला बाहेर टाकायचं असतं. धडधाकट मूत्रपिंड बहुतेक काम दिवसाच उरकतं. त्याची क्षमता कमी झाली, किंवा मीठच फार झालं, की काम शिल्लक राहतं. मग ते मीठ गाळून बाहेर काढायला जास्त दाब लागतो, म्हणून रात्रीही दाब वरच राहतो. मिठाबरोबर पाणीही जातं, म्हणून लघवी होते. प्रोस्टेट, मधुमेह, झोपताना प्यायलेलं पाणी, अशीही कारणं असतात, तेव्हा नुसत्या रात्री उठण्यावरून निदान करू नये. पण काकांच्या लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन थोडं सापडलं, मूत्रपिंडाने गाळून टाकायचं क्रिएटिनिन रक्तात किंचित जास्त निघालं, आणि झोपेच्या तपासणीत श्वास अडकत नसल्याचं दिसलं. बोट मूत्रपिंडाकडे गेलं. जेवणात दोन पापड आणि वर लोणचं, हा शिरस्ता काकांनी स्वतःच सांगितला.

याचा अर्थ मूत्रपिंड गेलं असा नाही. रात्रीचा दाब वर राहणाऱ्यांत पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाची हानी यांचा धोका जास्त आढळतो, पण एका रात्रीच्या आलेखावर फार विसंबू नये. पट्टा फुगून झोप मोडली की दाब चढतो. पट्ट्याचा हात वर ठेवून कुशीवर झोपलं, तर हात हृदयापेक्षा १०-१५ सेंटिमीटर उंच येतो आणि रीडिंग ८-१० अंकांनी खोटं कमी दिसतं. झोपेची वेळही खरी हवी. अकराला अंथरुणावर पडून एकपर्यंत मोबाइल पाहिला, तर ते दोन तास रात्रीत मोजून चालत नाही. म्हणून झोपल्या-उठल्याच्या वेळा लिहून ठेवायला सांगतात, आणि शंका असेल तर चाचणी पुन्हा करतात. रात्रीची सरासरी १२०/७० किंवा त्याहून जास्त असेल, तर टक्केवारी काहीही असो, ती जास्तच समजतात.

‘मग गोळी रात्री घेऊ का?’ काकांचा पहिला प्रश्न हाच होता. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या ‘टाइम’ चाचणीत (निष्कर्ष २०२२) सकाळी आणि संध्याकाळी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांनी वेळ बदलली नाही. पापड-लोणचं बंद करायला सांगितलं आणि सकाळी घ्यायची, मीठ लघवीवाटे काढणारी एक सौम्य गोळी जोडली. मीठ कमी केल्याने किंवा अशा गोळीने काही रुग्णांत रात्रीची उतरण परत येते, हे १९९० च्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवलं होतं.

दोन महिन्यांनी मशीन पुन्हा बांधलं. दिवसाची सरासरी १३२, झोपेतली ११८. काकू म्हणाल्या, ‘आता एकदाच उठतात.’