यंत्रमाग कारखान्यातील ध्वनी सर्वेक्षण: पात्रता, कागदपत्रे आणि मोजणीची पद्धत

सोलापुरात चादर आणि टॉवेल विणणाऱ्या धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी बोलायचे झाले तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते. अशा कारखान्याकडे ध्वनी सर्वेक्षणाचा अहवाल मागितला गेला की अनेक मालक मोबाइलमधील अॅपवर आकडा पाहून तो कागदावर उतरवून देतात. असा कागद तपासणीत टिकत नाही, कारण अहवालातील आकडा कोणत्या यंत्राने, कोठे उभे राहून आणि किती माग चालू असताना घेतला, हे सिद्ध करता आले तरच त्याला अर्थ असतो. अक्कलकोट रस्ता औद्योगिक वसाहतीतल्यासारखी एखादी टॉवेलची शेड डोळ्यांसमोर ठेवून ही प्रक्रिया पुढे दिली आहे.

महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये मोठ्या आवाजाच्या कामांसाठी स्वतंत्र तक्ता आहे. त्यानुसार ९० डेसिबल (ए) आवाजात दिवसाला ८ तास, ९५ मध्ये ४ तास आणि १०० मध्ये २ तास काम करता येते. म्हणजे आवाज ५ डेसिबलने वाढला की मुभा निम्मी होते. मर्यादा ओलांडणाऱ्या जागेच्या सीमेवर इशाऱ्याचे फलक लावावे लागतात आणि तेथील कामगारांची श्रवण चाचणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. मर्यादा कोठे ओलांडली जाते आणि कोणासाठी, हे ठरवणे हाच सर्वेक्षणाचा हेतू होय.

मोजणी कोणाकडून करून घ्यावी, हा पहिला प्रश्न. एनएबीएल हे प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ आहे. ध्वनी मोजणी जिच्या एनएबीएल मान्यतेच्या व्याप्तीत स्पष्टपणे नमूद आहे, अशी प्रयोगशाळा निवडावी. नुसते ‘एनएबीएल मान्यताप्राप्त’ एवढे शब्द पुरेसे नाहीत, कारण ती मान्यता फक्त पाणी तपासणीचीही असू शकते. ध्वनिमापक आयईसी ६१६७२ या मानकाच्या वर्ग १ किंवा वर्ग २ चा असावा आणि तो मापक तपासण्यासाठी ठरावीक सूर काढणारा कॅलिब्रेटर आयईसी ६०९४२ नुसार असावा. दोन्हींची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे मुदतीत असावीत आणि त्यांवरील अनुक्रमांक प्रत्यक्ष उपकरणांवर कोरलेल्या अनुक्रमांकांशी जुळावेत. ही जुळणी मालकाने मोजणीपूर्वी स्वतः करावी. मालकाने प्रयोगशाळेला द्यावयाच्या पत्रासोबत कारखाना परवान्याची प्रत, शेडचा नकाशा, मागांची संख्या व प्रकार, पाळीनिहाय कामगारांची यादी आणि असल्यास मागील अहवाल जोडावा. पाळीचे तास कागदावरचे न लिहिता खरे लिहावेत. पाळी १२ तासांची असेल तर १२ च लिहावेत, कारण पुढचा सगळा हिशेब तासांवरच होतो.

मोजणीच्या दिवशी पहिले काम कॅलिब्रेशन तपासण्याचे. कॅलिब्रेटर मायक्रोफोनवर सरळ आणि पूर्ण बसवतात. त्यातून १ किलोहर्ट्झचा ९४ डेसिबलचा सूर निघतो आणि मापक उत्पादकाने सांगितलेल्या आकड्यावर आणून ठेवतात. अर्ध्या इंचाच्या पुष्कळ मायक्रोफोनसाठी तो ९३.८ असतो, त्यामुळे ९४.० न दिसल्याने घाबरून जाऊ नये. मोजणी संपल्यावर हीच तपासणी पुन्हा करून दोन्ही आकडे वेळेसह नोंदवावेत. फरक ०.५ डेसिबलपेक्षा जास्त निघाला तर कामाच्या जागी आवाज मोजण्याच्या आयएसओ ९६१२ या मानकानुसार मधली सर्व मोजणी रद्द धरतात. सुरुवातीला ९३.८ आणि शेवटी ९३.१ दिसले, तर उतरलेली बॅटरी, नीट न बसलेली अडॅप्टरची कडी किंवा उन्हात तापलेल्या गाडीतून काढून लगेच वापरलेले यंत्र, यांपैकी काहीतरी कारण असते. ती कडी बॅगेतच राहिल्यामुळे माझी स्वतःची दोन तासांची मोजणी एकदा वाया गेली आहे, तेव्हापासून मी शेडमध्ये शिरण्यापूर्वी आधी तीच हाताला लावून पाहतो.

यानंतर मोजणीच्या जागा ठरवायच्या. त्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाल्याने बरेच अहवाल फसतात. पहिला प्रकार नकाशासाठीचा. समजा शेड ३० बाय १८ मीटर आहे आणि तीत २४ माग आहेत. जमिनीवर ३ मीटरचे चौकोन आखले तर ६० चौकोन होतात. प्रत्येकाच्या मध्यभागी, सुमारे दीड मीटर उंचीवर, भिंतीपासून निदान १ मीटर दूर राहून LAeq, म्हणजे मोजणीच्या काळातील आवाजाची सरासरी पातळी, घ्यायची. मागांचा आवाज एकसारखा असल्याने एका ठिकाणी एक मिनिट पुरते. मायक्रोफोनवर फोमचे आवरण हवेच, कारण पंख्याचा झोत थेट लागला तर आकडा खोटा वाढतो. त्या आवरणावर कापसाचे तूस साचते, ते अधूनमधून झाडावे.

दुसरा प्रकार कामगाराच्या कानाशी करायच्या मोजणीचा. विणकर तुटलेला धागा जोडायला मागावर वाकतो तेव्हा त्याचा कान धोट्याच्या पेटीच्या किती जवळ जातो, हे चौकोनाच्या मध्यावरून कळत नाही. म्हणून मायक्रोफोन त्याच्या जास्त आवाज सोसणाऱ्या कानापासून १० ते ४० सेंटिमीटरवर धरून, पाच-पाच मिनिटांच्या निदान तीन मोजण्या घ्यायच्या. त्यांत ३ डेसिबल किंवा जास्त तफावत आली तर आणखी तीन घ्यायच्या किंवा काम लहान टप्प्यांत विभागायचे. आपल्या उदाहरणात ९६.४, ९७.१ आणि ९६.८ आले असे धरू. तफावत किरकोळ असल्याने विणकरासाठी ९७ धरता येतो.

आता हिशेब. विणकर ६ तास मागाशी ९७ मध्ये, १ तास कांडी यंत्राशी ९० मध्ये आणि १ तास पॅकिंगच्या खोलीत ८० मध्ये असतो. तक्त्यानुसार ९७ ला ३ तासांची मुभा आहे, म्हणून ६ भागिले ३ म्हणजे २. कांडीचे १ भागिले ८ म्हणजे ०.१२५, पॅकिंगचे काही धरायचे नाही. बेरीज २.१२५ होते. ती १ पेक्षा जास्त झाली की मर्यादा ओलांडली, आणि येथे ती दुपटीहून अधिक ओलांडलेली आहे. ही बेरीज आपोआप काढणारा मापकातील ‘डोस’ हा पर्याय वापरणार असाल तर तो ५ डेसिबलच्या विनिमय दरावर, म्हणजे ५ डेसिबल वाढीला मुभा निम्मी धरण्यावर, आहे ना, हे पाहावे. आयएसओच्या पद्धतीत हा दर ३ असतो आणि उत्तर वेगळे येते.

याच शेडमध्ये ऑर्डर नाही म्हणून १२ च माग चालू असताना मोजणी केली, तर आवाज साधारण ३ डेसिबलने उतरेल. ९४ ला सुमारे ४.६ तासांची मुभा मिळते आणि मागाशी घालवलेल्या वेळेचा भाग २ वरून १.३ वर येतो. कानाला हा फरक फारसा जाणवत नाही, कागदावर मात्र मोठा दिसतो. म्हणून प्रत्येक मोजणीच्या पानावर चालू मागांची संख्या आणि दारे उघडी होती की बंद, हे लिहिलेले असावे. ते नसलेला अहवाल मालकाने स्वीकारू नये.

नकाशा QGIS सारख्या प्रणालीत तयार होतो: प्रत्येक बिंदूचे स्थान आणि आकडा भरला की ती मधल्या जागांचा अंदाज बांधून ८५, ९० आणि ९५ च्या समपातळी रेषा काढते. मात्र प्रणालीला भिंत दिसत नाही. मागाची शेड आणि पॅकिंगची खोली एकत्र भरली तर ९० ची रेषा पक्क्या भिंतीतून आरपार गेलेली दिसते, म्हणून दोन्ही खोल्यांचे नकाशे वेगळे काढून दारापाशी दर मीटरला जादा बिंदू घ्यावेत. आपल्या उदाहरणात उघड्या दारातून ९० ची रेषा पॅकिंगच्या खोलीत दोन मीटर आत येत असेल, तर इशाऱ्याचा फलक शेडच्या भिंतीवर नव्हे, पॅकिंगच्या खोलीत ती रेषा जेथे संपते त्या सीमेवर लागला पाहिजे. त्या दोन मीटरच्या पट्ट्यात टेबल मांडून टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायकांची नावेही मग श्रवण चाचणीच्या यादीसाठी तपासावी लागतात. त्यांच्या कानाशी वेगळी मोजणी करून, त्या तेथे किती तास बसतात हे धरून, त्यांची बेरीज १ च्या आत आहे का ते पाहावे.

अंतिम अहवालासोबत दोन्ही प्रमाणपत्रे, मोजणीपूर्वीचे व नंतरचे कॅलिब्रेशनचे आकडे, बिंदूंसह नकाशा, कामगारनिहाय हिशेब आणि मोजणी करणाऱ्याची सही असावी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी तपासणीला आल्यावर तो दाखवता यावा यासाठी मूळ प्रत कारखान्यातच ठेवावी. माग वाढवले, जागा बदलली किंवा धोट्याच्या मागांऐवजी रेपियर माग बसवले, तर आधीचा नकाशा लागू राहत नाही आणि मोजणी नव्याने करून घ्यावी लागते.