घसाऱ्यातील फरकामुळे उद्भवणारा स्थगित कर: कोणाला लागू, कागदपत्रे आणि गणनेची पद्धत

कंपनी आपल्या हिशोबात यंत्रावर एका गतीने घसारा आकारते आणि करकायदा त्याच यंत्रावर दुसऱ्या गतीने वजावट देतो. त्यामुळे वर्षअखेरीस त्या यंत्राची दोन मूल्ये तयार होतात: ताळेबंदातील पुस्तकी मूल्य आणि कराच्या दृष्टीने अजून वजावट मिळायची शिल्लक, म्हणजेच करमूल्य. या दोहोंतील अंतराला तात्पुरता फरक म्हणतात आणि त्यावरील कर म्हणजे स्थगित कर, ज्याला व्यवहारात डिफर्ड टॅक्स म्हटले जाते. पुढील माहिती आंतरराष्ट्रीय लेखामानक १२ मधील पद्धतीनुसार आहे.

कोणत्या मालमत्तेला लागू

यंत्राची संपूर्ण किंमत करकायद्याला मान्य असेल आणि फरक फक्त घसाऱ्याच्या गतीचा असेल, तर स्थगित कराची नोंद करावीच लागते. मात्र खरेदीच्या वेळीच किमतीचा काही भाग करासाठी कधीही वजावटयोग्य नसेल, तर त्या भागापुरता सुरुवातीचा फरक सामान्यतः नोंदवला जात नाही. म्हणून तक्ता करण्यापूर्वी खरेदीचे बिल आणि करासाठी धरलेली किंमत एकमेकांशी ताडून पाहावी.

लागणारी कागदपत्रे

मुख्य कागद दोनच आहेत: स्थिर मालमत्ता नोंदवही आणि कर विवरणपत्रासाठी केलेला घसाऱ्याचा तक्ता. त्यांच्या जोडीला मागील वर्षाची स्थगित कराची शिल्लक आणि ताळेबंदाच्या तारखेला मंजूर असलेल्या करदराचा आधार लागतो. करासाठी मालमत्ता गटाने धरल्या जात असतील, तर एकेका यंत्राचे करमूल्य वेगळे सापडत नाही. अशा वेळी पुस्तकी मूल्येही त्याच गटांप्रमाणे एकत्र करून तुलना करावी.

गणना

समजा, १०,००,००० किमतीचे यंत्र पहिल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी घेतले. हिशोबात सरळ रेषा पद्धतीने पाच वर्षांत ते शून्यावर येते, म्हणजे दरवर्षी २,००,००० घसारा. करासाठी घटत्या शिल्लक पद्धतीने ४० टक्के वजावट मिळते आणि कराचा दर २५ टक्के आहे.

| वर्षअखेर | पुस्तकी मूल्य | करमूल्य | तात्पुरता फरक | स्थगित कर (२५%) | नफा-तोट्यात |
|---|---|---|---|---|---|
| १ | ८,००,००० | ६,००,००० | २,००,००० | ५०,००० दायित्व | ५०,००० खर्च |
| २ | ६,००,००० | ३,६०,००० | २,४०,००० | ६०,००० दायित्व | १०,००० खर्च |
| ३ | ४,००,००० | २,१६,००० | १,८४,००० | ४६,००० दायित्व | १४,००० जमा |
| ४ | २,००,००० | १,२९,६०० | ७०,४०० | १७,६०० दायित्व | २८,४०० जमा |
| ५ | ० | ७७,७६० | (७७,७६०) | १९,४४० मालमत्ता | ३७,०४० जमा |

तिसऱ्या वर्षी कराचा घसारा १,४४,००० वर येतो, म्हणजे हिशोबातील घसाऱ्यापेक्षा कमी होतो, आणि फरक उलटू लागतो. पाचव्या वर्षाची ओळ सर्वांत बोलकी आहे, कारण यंत्र हिशोबातून संपलेले असले तरी कराची ७७,७६० ची वजावट अजून बाकी आहे. ही बाकी आता दायित्व नसून मालमत्ता आहे आणि ती वापरण्याइतका करपात्र नफा पुढे होण्याची शक्यता अधिक असेल, तेवढ्यापुरतीच नोंदवता येते. सतत तोट्यात असलेल्या कंपनीने येथे ठोस पुरावा ठेवावा.

चूक कोठे होते

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे फक्त चालू वर्षाच्या दोन घसाऱ्यांतील अंतरावर कर काढून तीच शिल्लक दाखवणे. दुसऱ्या वर्षी हे अंतर ४०,००० आणि त्यावरील कर १०,००० येतो. पण ही केवळ वर्षातील हालचाल असून ताळेबंदातील दायित्व ६०,००० आहे. चूक पकडण्याची खात्रीची कसोटी अशी, की पहिल्या वर्षापासूनच्या सर्व वार्षिक अंतरांची बेरीज त्या दिवशीच्या पुस्तकी मूल्य आणि करमूल्य यांतील फरकाइतकी यायला हवी. ती येत नसेल, तर बहुधा मध्ये एखादी विक्री किंवा भर एकाच नोंदवहीत घेतली गेलेली असते.

दुसरी चूक दराची. दुसऱ्या वर्षअखेरीपूर्वी दर ३० टक्के करणारा, पुढील वर्षांना लागू होणारा कायदा मंजूर झाला, तर २,४०,००० वरील दायित्व ७२,००० होते. वर्षाचा खर्च २२,००० येतो. त्यातील १०,००० जुन्या २,००,००० च्या फरकावर वाढलेल्या पाच टक्क्यांचे आणि १२,००० नव्या ४०,००० वरचे. हे दोन्ही भाग टिपणीत वेगळे दाखवावे लागतात. फरक किती वर्षांनी उलटेल हे माहीत असले, तरी या रकमेला वर्तमानमूल्याची सवलत लावता येत नाही.