एका टक्क्यात पाचवा हिस्सा: काकडीचे पाणी आणि काकडीचे वजन

इंदूरच्या चोइथराम मंडीत वीस किलो ताज्या काकडीचा एक क्रेट तोलून घेतला आहे, असे समजा. काकडीत ९६ टक्के पाणी असते. आता हा क्रेट उघड्यावर राहिला, काकडी हळूहळू सुकत गेली आणि तिच्यातील पाण्याचे प्रमाण ९६ वरून ९५ टक्क्यांवर आले. क्रेटचे वजन किती उरेल? बहुतेक लोक साडेएकोणीस किलोच्या आसपासचा आकडा सांगतात, कारण पाणी एकाच टक्क्याने कमी झाले आहे. खरे उत्तर सोळा किलो असे आहे. चार किलो, म्हणजे मूळ वजनाचा पाचवा हिस्सा, हवेत गेलेला असतो.

हे उत्तर पटण्यासाठी पाण्याकडे पाहणे सोडून पाण्याव्यतिरिक्त जे काही काकडीत आहे त्याकडे पाहावे लागते. साल, बिया, पेशींच्या भिंती, शर्करा, क्षार, प्रथिने हे सारे मिळून जे उरते त्याला शुष्कांश म्हणतात. वीस किलो काकडीत ९६ टक्के पाणी म्हणजे १९.२ किलो पाणी आणि फक्त ०.८ किलो शुष्कांश. काकडी सुकते तेव्हा पाणी उडून जाते, हा ०.८ किलो मात्र जागेवरच राहतो. पाणी ९५ टक्के झाले याचा अर्थ तोच ०.८ किलो आता एकूण वजनाच्या ५ टक्के झाला आहे, आणि ०.८ किलो ज्या वजनाचे ५ टक्के असते ते वजन सोळा किलोच आहे. शुष्कांशाचा वाटा चारावरून पाचावर जाण्यासाठी त्याच्या भोवतीचे सारे वजन पाचास चार या प्रमाणात आटावे लागते.

यातून एक सोपा नियम निघतो. शुष्कांशाची टक्केवारी दुप्पट झाली की एकूण वजन निम्मे होते. काकडीत ही टक्केवारी ४ वरून ८ होते, म्हणजे पाणी ९६ वरून ९२ वर येते, तेवढ्यात वजन निम्मे होऊन जाते. बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी आणि २० टक्के शुष्कांश असतो. त्याचे वजन निम्मे होण्यासाठी शुष्कांश ४० टक्के व्हावा लागतो, म्हणजे पाणी ८० वरून ६० टक्क्यांपर्यंत उतरावे लागते. एका भाजीत चार टक्क्यांचा फरक जे करतो, तेच दुसऱ्या भाजीत वीस टक्क्यांच्या फरकाने होते. म्हणून ‘पाणी किती टक्क्यांनी कमी झाले’ हा प्रश्न, आधी किती पाणी होते हे सांगितल्याशिवाय, जवळजवळ निरर्थक ठरतो.

व्यवहारात हे गणित उलट्या दिशेने अधिक उपयोगी पडते, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. काकडीचे वजन सुमारे पाच टक्क्यांनी घटले की ती सुरकुतते, टोकाशी मऊ पडते, हातात घेतल्यावर लवचीक लागते आणि गिऱ्हाईक ती बाजूला ठेवते. आपल्या क्रेटचे वजन पाच टक्क्यांनी घटले म्हणजे वीसचे एकोणीस किलो झाले. आता ०.८ ला १९ ने भागले तर शुष्कांश ४.२१ टक्के येतो, म्हणजे पाणी ९५.७९ टक्के. ताजी, कडक काकडी ९६ टक्के आणि विकता न येणारी, सुरकुतलेली काकडी ९५.७९ टक्के! डोळ्यांना आणि बोटांना जो फरक लख्ख कळतो, तो टक्केवारीत एका टक्क्याच्या पाचव्या हिश्शात दडून बसतो.

एखाद्या प्रयोगशाळेत काकडीच्या चकत्या भट्टीत १०५ अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत, वाळवून पाण्याचे प्रमाण काढले आणि त्यावरून काकडी किती सुकली हे ठरवायचे म्हटले तर काय होईल? शंभर ग्रॅम चकत्यांपैकी ४.० ग्रॅम उरले की ४.२ ग्रॅम, एवढ्यावर सारा निकाल अवलंबून राहील. चकत्या कापून तोलेपर्यंत थोडे पाणी उडाले, एखाद्या नमुन्यात बियांचा भाग जास्त आला, तरी दोन दशांश ग्रॅमचा फरक सहज पडतो. त्याहून मोठी अडचण अशी की दोन ताज्या काकड्यांचा शुष्कांश मुळातच सारखा नसतो. समजा एकीचा साडेतीन टक्के आहे आणि दुसरीचा साडेचार. निव्वळ आकडे पाहणाऱ्याला दुसरी काकडी पहिलीच्या तुलनेत बावीस टक्के वजन गमावलेली वाटेल, जरी दोन्ही त्याच सकाळी वेलीवरून काढलेल्या असल्या तरी.

म्हणून ताज्या मालाची घट मोजण्याची विश्वासार्ह पद्धत सर्वांत साधी आहे: तोच क्रेट, त्याच काट्यावर, आधी आणि नंतर तोलावा. पाण्याचा हिशेब ठेवायचाच असेल तर तो एकूण वजनाच्या टक्केवारीत न ठेवता एक किलो शुष्कांशामागे किती किलो पाणी आहे अशा रीतीने ठेवावा. वाळवणाच्या शास्त्रात तसाच ठेवतात. ताज्या काकडीत एक किलो शुष्कांशामागे २४ किलो पाणी असते, एकोणीस किलोच्या क्रेटमध्ये ते २२.७५ होते आणि सोळा किलोच्या क्रेटमध्ये १९. छेद बदलत नसल्यामुळे हे आकडे पाण्याबरोबर सरळ उतरतात आणि फसवत नाहीत. टक्केवारी फसवते, कारण तिच्यात पाणी अंशातही असते आणि छेदातही. पाणी उडाले की दोन्ही एकदम आटतात आणि त्यांचे गुणोत्तर हलल्यासारखे दिसतच नाही.

आता हे पाणी जाते का आणि किती वेगाने, ते पाहू. तोडल्यानंतरही काकडी जिवंत असते, पण मुळांकडून येणारा पुरवठा थांबलेला असतो. तिच्या पेशींमधल्या पोकळ्यांतील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते आणि बाहेरची हवा कोरडी असली की बाष्प सालीतून बाहेर पडते. एप्रिल-मे महिन्यांत इंदुरात दुपारी पारा ४० अंशांवर जातो आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ४० अंशांची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ५१ ग्रॅम बाष्प धरते, तर बाहेरच्या हवेत ते असते सुमारे १० ग्रॅम. हा ४१ ग्रॅमचा फरक पाण्याला बाहेर ओढतो. तीच काकडी १० अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या खोलीत नीट थंड होऊन ठेवलेली असेल तर हा फरक जेमतेम एक ग्रॅम भरतो. प्रत्यक्षात बाष्पीभवनामुळे काकडी स्वतः थोडी थंड राहते, त्यामुळे दुपारच्या उन्हातली ओढ या हिशेबाहून काहीशी कमी असते. तरी दोन्ही स्थितींतले अंतर प्रचंड राहते.

यात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. शेतातून आलेला, ३५ अंशांपर्यंत तापलेला माल सरळ शीतगृहात रचला तर तिथल्या हवेची आर्द्रता १०० टक्के असली तरी माल सुकतो. कारण ओढ केवळ हवेच्या आर्द्रतेवर ठरत नाही. ३५ अंशांच्या काकडीच्या आत दर घनमीटरला जवळजवळ ४० ग्रॅम बाष्प असते आणि १० अंशांच्या संपृक्त हवेत सुमारे ९.४ ग्रॅम. माल थंड होईपर्यंत ही ओढ चालूच राहते, आणि क्रेट दाटीने रचले असतील तर मधला माल थंड व्हायला बराच वेळ घेतो. म्हणून काकडी पहाटे, गारव्यात तोडणे आणि साठवणीपूर्वी लवकर थंड करणे यांचा परिणाम थेट वजनकाट्यावर दिसतो. ओले गोणपाट टाकणे ही जुनी रीत माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात खरोखर काम करते, कारण गोणपाटातले पाणी उडताना आतली हवा थंडही होते आणि दमटही. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच दमट असल्यामुळे त्याच गोणपाटाचा फारसा उपयोग होत नाही.

एवढा वेळ शुष्कांश जागचा हलत नाही असे आपण धरले. ते अगदी काटेकोरपणे खरे नाही. जिवंत माल श्वसन करतो, शर्करा जाळतो आणि कार्बन डायॉक्साइड सोडतो. ग्लुकोजच्या रासायनिक समीकरणानुसार दर एक ग्रॅम कार्बन डायॉक्साइडमागे ०.६८ ग्रॅम शर्करा संपते. काकडीत किंवा बटाट्यात ही घट पाण्याच्या तुलनेत लहान असते आणि एक-दोन दिवसांच्या हिशेबात सोडून दिली तरी चालते. पालकासारखी पालेभाजी मात्र खोलीच्या तापमानाला फार जोरात श्वसन करते. तिथे दिवसभरात शुष्कांशाचा काही टक्के भाग खर्ची पडू शकतो, आणि ‘शुष्कांश कायम’ धरून केलेला हिशेब पाण्याची घट प्रत्यक्षाहून कमी दाखवतो.

इंदूरच्या परिसरात याच गणिताचा आणखी एक परिणाम बटाट्याच्या व्यवहारात दिसतो. माळव्यातला बटाटा वेफर्ससाठी नावाजलेला आहे आणि वेफर्स करणाऱ्यांना शुष्कांश जास्त हवा असतो, कारण पाणी जितके कमी तितके तळताना तेल कमी शोषले जाते आणि उतारा चांगला मिळतो. समजा, २० टक्के शुष्कांशाचे शंभर क्विंटल बटाटे साठवले आणि त्यांनी पाच टक्के वजन पाण्याच्या रूपाने गमावले. आता ते ९५ क्विंटल आहेत आणि तपासणीत शुष्कांश २१ टक्क्यांहून थोडा अधिक येतो. कागदावर माल सुधारलेला दिसतो. प्रत्यक्षात शुष्कांश आधी वीस क्विंटल होता आणि आताही वीस क्विंटलच आहे. श्वसन धरले तर त्याहून किंचित कमी. क्विंटलमागे मिळणारा वेफर्सचा उतारा खरोखर वाढतो, पण साठवताना तोललेल्या शंभर क्विंटलांवर भागला तर तो वाढलेला नसतो. म्हणून शुष्कांशाच्या टक्केवारीवर भाव ठरवताना ती टक्केवारी कोणत्या दिवशीच्या वजनावर काढली आहे, याची नोंद करारात असावी लागते.