चार कंटेनर की तीन? एफएफडीचे उत्तर आणि लोअर बाउंड

पार्सलांची यादी हाती आहे, प्रत्येकाचे वजन ठाऊक आहे, एका कंटेनरमध्ये जास्तीत जास्त किती किलो माल घालायचा हेही ठरलेले आहे, आणि एकूण किती कंटेनर मागवायचे ते सांगायचे आहे. या प्रश्नावर दोन आकडे चटकन काढता येतात. पहिला ‘फर्स्ट फिट डिक्रीजिंग’ म्हणजे एफएफडी या पद्धतीने माल लावून मिळतो, तर दुसरा लोअर बाउंड, म्हणजे गरजेची खालची मर्यादा, काढून मिळतो. दोन्ही आकडे पूर्णांक असतात, जवळजवळ असतात, कित्येकदा सारखेच निघतात, आणि त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बिनदिक्कत वापरला जातो. वस्तुतः त्यांचे दावे परस्परविरुद्ध दिशांचे आहेत. एफएफडीचा आकडा सांगतो की इतक्या कंटेनरांत माल बसवून दाखवला आहे; लोअर बाउंड सांगतो की याहून कमी कंटेनरांत तो कोणालाही बसवता येणार नाही. खरी किमान संख्या पहिल्यापेक्षा जास्त असू शकत नाही आणि दुसऱ्यापेक्षा कमी असू शकत नाही, एवढेच या दोहोंवरून कळते.

एफएफडीची कृती सोपी आहे. पार्सले वजनाच्या उतरत्या क्रमाने लावावीत, एकेक पार्सल उचलावे, आतापर्यंत उघडलेले कंटेनर पहिल्यापासून क्रमाने तपासावेत, आणि ज्या पहिल्या कंटेनरमध्ये ते बसते तिथे ठेवावे. कुठेच बसले नाही तरच नवा कंटेनर उघडावा. यात एक गोष्ट हमखास चुकते. एखादे पार्सल बसले नाही म्हणून तो कंटेनर बंद करायचा नसतो, कारण पुढे येणारे हलके पार्सल त्यात बसू शकते. सगळे कंटेनर शेवटपर्यंत उघडेच राहतात. जो मागचे कंटेनर बंद करत पुढे जातो, तो वेगळीच आणि बरीच वाईट पद्धत वापरत असतो.

लोअर बाउंडचा सर्वांत साधा प्रकार तर एका ओळीचा आहे: सगळ्या वजनांची बेरीज करावी, एका कंटेनरच्या क्षमतेने भागावे, आणि अपूर्णांक उरला तर वरचा पूर्णांक घ्यावा. स्प्रेडशीटमध्ये, क्षमता 100 किलो असेल तर, तो असा दिसतो:

```
=ROUNDUP(SUM(A2:A11)/100,0)
```

या सूत्रात कोणते पार्सल कुठे जाणार याचा मागमूसही नाही. माल जणू पाण्यासारखा ओतता येतो असे ते धरून चालते. म्हणूनच ते खालची मर्यादा देते आणि म्हणूनच ते मांडणी देत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. कंटेनरची क्षमता 100 किलो आहे आणि दहा पार्सले आहेत: 51 किलोची दोन, 27 ची दोन, 26 ची दोन आणि 23 ची चार. बेरीज बरोबर 300 भरते, म्हणून लोअर बाउंड 3 आहे. एफएफडीने लावू लागलो की दोन्ही 51 एका कंटेनरमध्ये मावत नाहीत, तेव्हा ती पहिल्या आणि दुसऱ्या कंटेनरमध्ये एकेक जातात. पहिले 27 पहिल्या कंटेनरमध्ये बसते, तिथे 78 होतात. दुसरे 27 दुसऱ्यात जाते, तिथेही 78. आता दोन्हींत 22 किलोची जागा उरली आहे, आणि यादीतले सर्वांत हलके पार्सल 23 चे आहे. म्हणजे हे दोन कंटेनर इथेच वाया गेले. दोन्ही 26 तिसऱ्या कंटेनरमध्ये जातात, त्यांच्यासोबत दोन 23 बसून तिथे 98 होतात, आणि उरलेल्या दोन 23 साठी चौथा कंटेनर उघडावा लागतो. एफएफडीचे उत्तर 4 आले.

मग खरे उत्तर 3 की 4? दोन आकड्यांत अंतर पडले की त्यावरून याचा निर्णय होत नाही, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी लागते. कदाचित एफएफडीने एक कंटेनर वाया घालवला असेल, कदाचित लोअर बाउंड ढिला असेल. इथे मात्र लोअर बाउंडच शोधाची दिशा दाखवतो. तीन कंटेनरांची एकूण क्षमता 300 आणि माल 300, म्हणजे तिनांत बसवायचे तर एकाही किलोची फट राहून चालणार नाही. 51 च्या सोबत नेमके 49 किलो हवेत, आणि या यादीतून 49 फक्त 26 अधिक 23 असेच जुळतात. तसे दोन कंटेनर भरले की दोन 27 आणि दोन 23 उरतात, आणि त्यांची बेरीज 100 होते. तेव्हा खरे उत्तर 3 आहे. एफएफडी फसली ती 27 मुळे: ते 26 पेक्षा एक किलोने जड होते म्हणून आधी आले आणि 26 ची जागा अडवून बसले.

एफएफडी किती फसू शकते यालाही मर्यादा आहे. खरी किमान संख्या कितीही असो, एफएफडीचे उत्तर तिच्या 11/9 पट अधिक 6/9 याच्या वर जात नाही. 11/9 हे प्रमाण डेव्हिड जॉन्सन यांनी 1973 च्या प्रबंधात सिद्ध केले, तेव्हा वर मिळवायचा आकडा 4 होता. तो हळूहळू कमी होत 2007 मध्ये ग्योर्गी दोशा यांनी 6/9 वर आणला आणि याहून कमी होऊ शकत नाही हेही दाखवले. वरच्याच चार वजनांची 6, 6, 6 आणि 12 पार्सले घेतली तर खरे उत्तर 9 आणि एफएफडीचे 11 येते; वाचकाने ते करून पाहावे. पण हा आकडा वाईटातल्या वाईट यादीचा आहे. आपल्या आजच्या यादीवर एफएफडीची तूट किती आहे, हे तो सांगत नाही; ते त्या यादीचा लोअर बाउंडच सांगू शकतो.

आता उलट बाजू पाहू. क्षमता तीच, 100 किलो. पार्सले सहा: 66, 64, 58, 45, 44 आणि 43. बेरीज 320, म्हणून साधा लोअर बाउंड 4. एफएफडीने पहिली तीन पार्सले तीन वेगळ्या कंटेनरांत जातात, 45 त्यांतल्या कुठेच बसत नाही, 45 आणि 44 चौथ्यात जातात आणि 43 साठी पाचवा लागतो. उत्तर 5. आकडे पुन्हा एकाने वेगळे आहेत, आणि मागचा अनुभव ताजा असल्याने इथेही एफएफडीलाच दोष द्यावासा वाटेल.

इथे मात्र दोष लोअर बाउंडचा आहे. 50 किलोंहून जड अशी तीन पार्सले आहेत, आणि कोणतीही दोन एकत्र राहू शकत नाहीत. तीन कंटेनर तिथेच लागले. या तिघांतले सर्वांत हलके 58 चे आणि उरलेल्यांतले सर्वांत हलके 43 चे, आणि त्यांची बेरीज 101. म्हणजे उरलेल्या तिघांपैकी एकही त्या तीन कंटेनरांत जाऊ शकत नाही. त्यांची आपापसातली बेरीज 132, म्हणून त्यांना आणखी दोन कंटेनर हवेतच. लोअर बाउंड आता 5 झाला, एफएफडीच्या आकड्याला भिडला, आणि 5 हे खरे किमान उत्तर असल्याचे सिद्ध झाले. याच युक्तिवादाला मार्टेल्लो आणि तोथ यांनी व्यवस्थित सूत्राचे रूप दिले असून ते L2 या नावाने ओळखले जाते. जिथे निम्म्याहून जड पार्सले पुष्कळ असतात तिथे केवळ बेरजेवर विसंबणे फसवे ठरते: 51 किलोची दहा पार्सले असतील तर बेरीज 510, साधा लोअर बाउंड 6, आणि प्रत्यक्षात लागणार 10.

एकाच यादीसाठी अनेक लोअर बाउंड काढले तर त्यांतला सर्वांत मोठा घ्यावा, आणि अनेक मांडण्या करून पाहिल्या तर त्यांतली सर्वांत कमी कंटेनरांची ठेवावी. दोघांची सरासरी घेणे निरर्थक आहे. हे सांगावे लागते, कारण 4 आणि 3 आल्यावर अहवालात ‘अंदाजे साडेतीन’ लिहिणारे लोक असतात.

दोन्ही आकड्यांचा स्वभावही वेगळा आहे. यादीतून एक पार्सल काढून टाकले तर खरी गरज वाढू शकत नाही, आणि बेरजेवरचा लोअर बाउंडही वाढत नाही. एफएफडीचा आकडा मात्र वाढू शकतो. याचे एक जुने, प्रसिद्ध उदाहरण 33 वस्तूंचे आहे, क्षमता 524:

```
442 | 252 x 7 | 127 x 5 | 106 x 4 | 85 | 84 | 46 | 37 x 2
12 x 3 | 10 x 6 | 9 x 2
```

एफएफडी ही यादी सात कंटेनरांत काठोकाठ बसवते. त्यातले 46 काढून टाका, आणि तीच पद्धत आठ कंटेनर मागते. 46 नसल्याने 442 शेजारी दोन 37 जाऊन बसतात, पुढची लहान पार्सले आपापल्या जागेवरून सरकतात, आणि शेवटच्या 9 ला कुठेच 9 किलोची फट सापडत नाही. तेव्हा ऐनवेळी एक पार्सल रद्द झाले आणि प्रणालीने एक कंटेनर जास्त सांगितला, तर ती बिघडलीच असेल असे नाही.

वजने दशांशांत असतील तर दोन्ही आकड्यांत एक बारीक गडबड होऊ शकते. संगणकातली दशांशांची बेरीज कधीकधी अगदी किंचित जास्त येते. मग `ROUNDUP` बरोबर 3 च्या जागी 4 देऊ शकते आणि एफएफडी नेमके बसणारे पार्सल नाकारू शकते. यांपैकी पहिली चूक घातक आहे, कारण खोटा लोअर बाउंड चांगल्या मांडणीचा शोधच थांबवतो. सगळी वजने ग्रॅममध्ये पूर्णांक करून घेतली की हा प्रश्न उरत नाही.

हे सर्व एका मापासाठी, म्हणजे वजनासाठी झाले. खऱ्या कंटेनरला आकारमानही असते. वीस फुटी कंटेनरमध्ये आत साधारण 33 घनमीटर जागा असते. वजनाऐवजी आकारमानाची बेरीज करून भागले तरी मिळणारा आकडा खरा लोअर बाउंडच राहतो, कारण खोक्यांनी व्यापलेली जागा कोणत्याही मांडणीत कमी होत नाही. एफएफडीचे तसे नाही. घनमीटर जुळले म्हणून लांबट खोके चौकोनी फटीत शिरत नाही. त्यामुळे केवळ आकारमानावर चालवलेली एफएफडी जो आकडा देते, त्यामागे प्रत्यक्ष मांडणी असेलच याची खात्री नसते. अशा वेळी लांबी, रुंदी आणि उंची पाहून खोके ठेवणारी पद्धतच चालवावी लागते, आणि आकारमानावरचा एफएफडीचा आकडा दोन्ही बाजूंनी निरुपयोगी ठरतो: तो वरची मर्यादा देत नाही आणि खालचीही देत नाही.