85.4 अब्ज की 108.7 अब्ज? कंपनीच्या खऱ्या किमतीतील कर्ज आणि रोकड

ऑक्टोबर 2016 मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी या दूरसंचार कंपनीने टाइम वॉर्नर ही माध्यम कंपनी विकत घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा किमतीचे दोन आकडे पुढे आले. टाइम वॉर्नरच्या प्रत्येक समभागासाठी 107.50 डॉलर, म्हणजे सर्व समभागांसाठी मिळून 85.4 अब्ज डॉलर, हा पहिला आकडा. तर निव्वळ कर्ज, म्हणजे रोकड वजा केल्यावर उरणारे कर्ज, धरून व्यवहाराचे एकूण मूल्य 108.7 अब्ज डॉलर, हा दुसरा. दोन्ही आकडे बरोबर होते. मधले 23.3 अब्ज डॉलर भागधारकांना मिळणार नव्हते, पण ते देण्याची जबाबदारी मात्र नव्या मालकाकडे येणार होती.

समभागाचा भाव गुणिले समभागांची एकूण संख्या म्हणजे बाजार भांडवल, ज्याला सर्रास मार्केट कॅप म्हटले जाते. हा आकडा भागधारकांच्या वाट्याची किंमत सांगतो. परंतु कंपनीचा व्यवसाय केवळ भागधारकांच्या पैशावर उभा नसतो. बँका आणि कर्जरोखेधारक यांनीही त्यात पैसा घातलेला असतो आणि व्यवसायातून येणाऱ्या पैशावर त्यांचा हक्क भागधारकांच्या आधी असतो. म्हणून संपूर्ण व्यवसायाची किंमत काढताना बाजार भांडवलात कर्ज मिळवतात आणि कंपनीकडे असलेली रोकड त्यातून वजा करतात. या आकड्याला एंटरप्राइझ व्हॅल्यू म्हणतात.

कर्ज मिळवण्यामागचे कारण कायद्यातही आहे आणि व्यवहारातही. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असल्यामुळे मालक बदलला तरी कर्ज तिच्याच नावावर राहते. शिवाय अनेक कर्जकरारांत मालकी बदलल्यास मुद्दल ताबडतोब परत मागण्याचा अधिकार धनकोने राखून ठेवलेला असतो. तसे झाले, तर खरेदीदाराला समभागांच्या किमतीखेरीज तेवढे पैसे लगेच उभे करावे लागतात. तसे झाले नाही, तरी व्याज आणि हप्ते यांची वजावट झाल्यावरच पैसा मालकापर्यंत पोहोचतो.

हे एका काल्पनिक उदाहरणातून अधिक स्पष्ट होईल. समजा, दोन कंपन्यांचे व्यवसाय अगदी सारखे आहेत आणि व्याज भरण्यापूर्वी दोन्हींचा वार्षिक नफा 100 आहे. कराचा विचार तूर्त बाजूला ठेवू. पहिलीवर कर्ज नाही आणि तिचे बाजार भांडवल 1000 आहे. दुसरीवर 600 चे कर्ज आहे आणि तिचे बाजार भांडवल 400 आहे. कर्जावर 6 टक्के दराने 36 व्याज गेल्यावर दुसरीच्या भागधारकांसाठी 64 उरतात. आता समभागाच्या भावाची नफ्याशी तुलना करणारे, गुंतवणूकदारांच्या ओळखीचे पीई गुणोत्तर काढले, तर पहिलीचे 10 येते आणि दुसरीचे 6.25. दुसरी कंपनी स्वस्त आहे असा निष्कर्ष येथे सहज निघतो, आणि तो चुकीचा आहे. दोन्हींची एंटरप्राइझ व्हॅल्यू 1000 आहे, व्याजापूर्वीचा नफा 100 आहे, म्हणजे व्यवसायाचा भाव दोन्हीकडे दहापटच आहे. दुसरीकडे दिसते ती स्वस्ताई नसून कर्जाची जोखीम आहे: व्याजापूर्वीचा नफा निम्म्यावर आला, तर पहिलीच्या भागधारकांसाठी 50 उरतील, दुसरीच्या भागधारकांसाठी केवळ 14.

एंटरप्राइझ व्हॅल्यूशी तुलना करताना नफाही व्याजापूर्वीचाच घ्यावा लागतो, कारण किंमत सर्वांच्या वाट्याची असेल, तर तिच्याशी ताडून पाहायचा नफाही सर्वांच्या वाट्याचा असला पाहिजे. व्याज वजा केलेला नफा एंटरप्राइझ व्हॅल्यूशी ताडून पाहणे ही नवख्या अभ्यासकांची नेहमीची चूक आहे, आणि ती सहज लक्षातही येत नाही.

रोकड वजा का करायची, याचे उत्तर मोटोरोला मोबिलिटीच्या खरेदीत मिळते. गूगलने ऑगस्ट 2011 मध्ये या कंपनीसाठी प्रतिसमभाग 40 डॉलर देऊ केले आणि मे 2012 मध्ये व्यवहार पूर्ण केला. एकूण किंमत सुमारे 12.4 अब्ज डॉलर होती. मात्र मोटोरोलाच्या तिजोरीतली 2.9 अब्ज डॉलरची रोकडही या खरेदीबरोबर गूगलच्या ताब्यात आली. पाकिटात काही नोटा ठेवून ते पाकीट विकले, तर घेणाऱ्याने पाकिटासाठी किती मोजले हे त्या नोटा वजा केल्याशिवाय कळत नाही; तसेच येथे फोनचा व्यवसाय, पेटंटे आणि बाकी सारे यांची किंमत साधारण 9.5 अब्ज डॉलर होती. त्यांपैकी 5.5 अब्ज डॉलर गूगलने आपल्या हिशेबात पेटंटे आणि विकसित तंत्रज्ञान यांच्या नावे दाखवले. पेटंटांसाठी गूगलने अवाच्या सवा किंमत मोजली की नाही, हा वाद 12.4 अब्जांचा आकडा समोर ठेवून घालणे मला म्हणूनच निरर्थक वाटते.

याच तर्काने आणखी एक गोष्ट उलगडते. एखाद्या कंपनीने योग्य भावात नवे समभाग विकून 200 उभे केले आणि ते बँकेत ठेवले, तर तिचे बाजार भांडवल 200 ने वाढते, पण एंटरप्राइझ व्हॅल्यू जागची हलत नाही, कारण व्यवसायात काहीच बदललेले नसते.

एवढ्यावर हे गणित सोपे वाटते, पण खरी अडचण ‘रोकड’ आणि ‘कर्ज’ यांत काय काय धरायचे येथे सुरू होते. ताळेबंदात दिसणारी सगळी रोकड मोकळी नसते. पगार, कच्चा माल आणि दैनंदिन देणी यांसाठी काही रक्कम कायम हाताशी ठेवावीच लागते. ती काढून घेतली तर व्यवसायच अडखळेल. हंगामी व्यवसायात विक्रीचा मोसम संपताच तिजोरी भरलेली असते आणि पुढचा माल भरताना ती रिकामी होते, त्यामुळे वर्षअखेरच्या एका दिवसाचा आकडा वर्षभराचे चित्र दाखवत नाही. ग्राहकांनी आगाऊ भरलेले पैसेही रोकड म्हणूनच दिसतात, पण त्यांच्या बदल्यात माल वा सेवा देणे बाकी असते. दुसऱ्या बाजूला, ज्या देण्यांना ताळेबंदात कर्ज म्हटलेले नसते, अशीही देणी असतात. कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनासाठी बाजूला काढलेला निधी अपुरा असेल, तर ती तूट नव्या मालकालाच भरून काढावी लागते.

शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपनीच्या विक्रीत हा प्रश्न थेट पैशाचा होतो. तेथे बहुधा ‘रोकडरहित, कर्जरहित’ तत्त्वावर व्यवसायाची किंमत आधी ठरते आणि ताबा देण्याच्या दिवशी कर्ज वजा करून, रोकड मिळवून भागधारकांची रक्कम काढली जाते. म्हणजे त्या दिवशी तिजोरीत जितकी जास्त रोकड, तितके विक्रेत्याला जास्त पैसे. साहजिकच काही विक्रेते शेवटच्या महिन्यांत पुरवठादारांची बिले थकवतात, ग्राहकांकडून वसुली घाईने करतात आणि मालाचा साठा कमी होऊ देतात. रोकड फुगते, पण थकलेली बिले आणि रिकामी गोदामे खरेदीदाराच्या माथी येतात.

यावर उपाय म्हणून करारात खेळत्या भांडवलाची, म्हणजे मालाचा साठा आणि ग्राहकांकडील येणी यांतून पुरवठादारांची देणी वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेची, नेहमीची पातळी, बहुधा मागील बारा महिन्यांच्या सरासरीवरून, ठरवून घेतली जाते. ताब्याच्या दिवशी खेळते भांडवल त्यापेक्षा 30 ने कमी भरले, तर किमतीतून तेवढेच 30 कापले जातात आणि बिले थकवून वाढवलेल्या रोकडीचा लाभ तिथेच संपतो. गेल्या काही महिन्यांत पुरवठादारांना पैसे देण्याचा सरासरी काळ अचानक लांबला आहे का, हे तपासले की असा प्रकार बहुतेक वेळा करारापूर्वीच उघड होतो.