छाट कलम आणि गुटी कलम: फोटोत दिसणारी एकच खूण, अर्थ मात्र दोन

डाळिंबाची रोपे तयार करण्याच्या दोन पद्धती महाराष्ट्रात रुळलेल्या आहेत. एकीत पक्व फांदीची काडी तोडून मातीत लावतात, ते छाट कलम. दुसरीत फांदी झाडावरच ठेवून तिची गोल साल काढतात आणि ओले शेवाळ पॉलिथिनने बांधतात, ती गुटी. दोन्हींत शेवटी खोडातून मुळ्या फुटतात, म्हणून फोटो पाहणारा माणूस दोन्हींना एकच मोजपट्टी लावतो: पाने हिरवी असतील तर कलम लागले, गळाली तर गेले, आणि कापावर पांढरट गाठ आली तर मुळ्या आता येणारच. या तिन्ही समजुती छाट कलमाच्या बाबतीत अर्धवट खऱ्या आहेत आणि गुटीच्या बाबतीत बऱ्याचदा उलट्या ठरतात.

एका परिचिताने जुलैच्या पहिल्या आठवड्यात भगवा जातीच्या एकाच झाडावर 12 गुट्या बांधल्या आणि त्याच झाडाच्या 40 काड्या पिशव्यांत लावल्या. तिसाव्या दिवशी त्याने फोटो पाठवले. 40 पैकी 31 काड्यांवर कोवळी, तांबूस-हिरवी पालवी होती. बहुतेक गुट्यांच्या फांद्यांवरची पाने मात्र पिवळसर पडली होती, काही गळलीही होती. दोन फांद्या तेवढ्या गडद हिरव्या आणि टवटवीत दिसत होत्या. काड्या लागल्या, गुट्या फसल्या आणि दोनच वाचल्या, असा निष्कर्ष त्याने काढला होता. फोटो खरे होते, वाचन चुकले होते.

आधी पाने घेऊ, कारण फसगत सर्वाधिक तिथेच होते. पेन्सिलच्या जाडीच्या, 20 ते 25 सेंटिमीटर लांबीच्या पक्व काडीत पिष्टमय अन्नाचा साठा असतो. ऊब आणि ओल मिळाली की डोळे त्या साठ्यावरच फुटतात. त्यासाठी एकही मुळी लागत नाही. डाळिंबात ही फूट साधारण दोन आठवड्यांत दिसते, तर मुळ्यांना बहुधा त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागतो. मधल्या काळात ती पालवी उघड्या कापातून शोषल्या जाणाऱ्या थोड्याशा पाण्यावर आणि उरलेल्या साठ्यावर तगून असते. म्हणून तिसाव्या दिवसाच्या फोटोतली पाने काडी जिवंत असल्याचे सांगतात, मुळ्या फुटल्याचे सांगत नाहीत. मुळ्या नसलेल्या काडीची पालवी दोन-तीन पानांवर अडकते, पेरे लांबत नाही, आणि एखाद्या कोरड्या दुपारनंतर सगळी पाने एकदम लोंबतात. मुळ्या आलेल्या काडीत फूट पुन्हा चालू होते: शेंड्याला नवी पाने येतात आणि आधीची पाने आकाराने वाढतात. हा फरक एका फोटोत कळत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने, त्याच बाजूने काढलेल्या दोन फोटोंत स्पष्ट कळतो.

गुटीचे गणित निराळे आहे. साल गोल काढली तरी आतले लाकूड शाबूत असते आणि पाणी लाकडातून वर चढते. त्यामुळे मुळ्या असोत वा नसोत, फांदीला मातृवृक्षाकडून पाणी मिळतच राहते आणि हिरव्या पानांवरून मुळ्यांचा अंदाज बांधता येत नाही. उलट, पानांत तयार झालेली साखर सालीतून खाली जाते. ती वाट कापली गेल्याने साखर वरच अडते आणि पाने किंचित पिवळसर किंवा तांबूस पडतात, जुनी पाने लवकर गळतात. हे साल नीट काढल्याचे लक्षण आहे. परिचिताच्या गुट्यांच्या फोटोत तेच दिसत होते.

मग त्या दोन टवटवीत फांद्यांचे काय? मला त्यांचाच संशय आला. साल काढताना लाकडावरचा बुळबुळीत पातळ थर, म्हणजे कॅम्बियम, खरवडून काढायचा राहिला तर तो नवी साल तयार करतो आणि वरच्या व खालच्या काठांमध्ये पूल बांधतो. एक निमुळती पट्टी पुरते. साखर तिच्यातून खाली उतरू लागते, पाने पुन्हा गडद होतात आणि मुळ्या फुटण्याचे कारणच उरत नाही. गुटी उघडल्यावर या जागी मळकट पिवळी किंवा हिरवट, गुळगुळीत पट्टी दिसते. फोटो एकाच बाजूने काढला तर ती पलीकडे राहून जाते, म्हणून गुटी फिरवून किमान तीन बाजूंनी फोटो घ्यावेत.

येथून कॅलसकडे वळता येते. कॅलस म्हणजे जखम भरणाऱ्या पेशींची खडबडीत, मलईच्या रंगाची गाठ. डाळिंबात ती मुळ्यांच्या आधी दिसते, पण मुळी तिच्यातून उगवतेच असे नाही. मुळीचे अंकुर बहुधा सालीच्या आतल्या बाजूला, कॅम्बियमजवळ तयार होतात आणि साल फोडून बाहेर येतात. दोन्ही क्रिया सारख्या परिस्थितीत घडतात, एवढेच त्यांचे नाते. काडीच्या तळाशी मोठी, फुलकोबीसारखी गाठ आणि भोवती एकही मुळी नाही, असा फोटो पाचव्या-सहाव्या आठवड्यात आला तर ती काडी आपले अन्न गाठीवर खर्च करत आहे असे समजावे. पातळ, सलग कडे आणि त्याच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटरांत सालीला आलेले बारीक फुगीर उंचवटे, हे चित्र मला अधिक आश्वासक वाटते.

गुटीत कॅलसपेक्षा त्याची जागा महत्त्वाची असते. साखर आणि मुळ्या फुटण्यास लागणारे संप्रेरक दोन्ही वरून येऊन अडतात, त्यामुळे सूज वरच्या काठावर यायला हवी आणि मुळ्याही तिथूनच निघतात. फक्त वरचा काठ जाड झालेला असणे चांगले. दोन्ही काठ सारखेच फुगून एकमेकांकडे सरकत असतील तर पूल बनतो आहे. आता अडचण अशी की फोटो मोबाइलवर उलटा-सुलटा फिरतो आणि वर-खाली कळेनासे होते. फोटो काढताना शेंड्याच्या बाजूला सुतळीचा तुकडा बांधला की वाद मिटतो.

मुळ्यांच्या बाबतीत तीन गोष्टी मुळ्या नसताना मुळ्यांसारख्या दिसतात. गुटीत वाळलेल्या शेवाळाचे फिकट धागे पॉलिथिनला चिकटतात. ते सगळीकडे सारखे पसरलेले असतात, तर मुळी एका जागेतून निघून लांबपर्यंत सलग जाते आणि तिचे टोक गोलसर व चकचकीत असते. बुरशी कापसासारखी दिसते, तिचा एकेक धागा फोटोत सुटा ओळखता येत नाही. तिसरी फसवणूक काडीवर होते: माध्यम फार ओले राहिले की सालीवरची श्वसनछिद्रे फुगून पांढरे ठिपके येतात. हे ठिपके भुसभुशीत असतात आणि आठवडाभराने फोटो घेतला तरी लांबत नाहीत. मुळीचा अंकुर तेवढ्या दिवसांत निश्चित लांबतो. ठिपके दिसले तर मुळ्या येण्याची वाट न पाहता पाणी कमी करावे.

मुळ्यांच्या रंगाचा उपयोगही दोन्हींत सारखा नाही. गुटीत नव्या मुळ्या पांढऱ्या असतात आणि उतरवताना सहज मोडतात. त्या बदामी होऊन त्यांना बारीक उपमुळ्या फुटल्या की मगच गुटी उतरवतात. काडीच्या बाबतीत हे थांबणे लागू नाही, कारण ती मातीतच आहे. तिच्या मुळ्या तपासायला उपटून पाहणे हाच मोठा धोका. म्हणून पारदर्शक ग्लासात चार-पाच नमुन्याच्या काड्या लावाव्यात, बाहेरून काळा कागद गुंडाळावा आणि फोटोपुरता तो काढावा. रंग वाचताना प्रकाशाचे भान हवे: फ्लॅशमध्ये बदामी मुळ्या पांढऱ्या दिसतात, संध्याकाळच्या उन्हात पांढऱ्या मुळ्या बदामी. सावलीत, पांढऱ्या कागदावर, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो पुरेसा असतो.

सडण्याविषयी थोडे. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असल्याने कापलेला भाग तपकिरी-काळा पडतोच, तेवढ्यावरून काडी सडली असे म्हणू नये. काळेपणा कापापासून वर सरकत असेल, त्याची सीमा ओली दिसत असेल आणि साल सुटून सुरकुतली असेल तर ती सड आहे. तिथला टणकपणा फोटो सांगू शकत नाही; अंगठ्याने दाबून आणि नखाने साल खरवडून पाहावेच लागते.

पानगळीतली सर्वांत उपयोगी खूण मात्र फोटोत चांगली दिसते. पान गळण्यासाठी देठाच्या तळाशी जिवंत पेशींना काम करावे लागते. पान गळून देठाच्या जागी स्वच्छ वण राहिला असेल तर फांदी तहानलेली असली तरी जिवंत आहे. पान तपकिरी होऊन फांदीलाच लटकत असेल तर तो भाग पाने टाकण्याआधीच मेला. छाट कलमात ही खूण पहिल्या दिवसापासून वाचता येते. गुटीत तिचा खरा उपयोग उतरवल्यानंतर सुरू होतो, कारण मातृवृक्षाचे पाणी त्या दिवशी तुटते आणि मुळ्यांची परीक्षा तेव्हा होते. म्हणून गुटीच्या फोटोवर बांधल्याच्या तारखेइतकीच उतरवल्याची तारीखही लिहावी. उतरवल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत खालची जुनी पाने पिवळी होऊन गळाली आणि शेंडा ताठ राहिला तर काळजी नको. शेंडा वाकून पाने जागच्या जागी वाळली तर मुळ्या कमी पडल्या. उतरवतानाच निम्मी पाने काढून रोप शेडनेटखाली ठेवले तर हा ताण बराच घटतो.

परिचिताने पंचेचाळिसाव्या दिवशी गुट्या तपासल्या. 9 गुट्यांत वरच्या काठावरून निघालेल्या मुळ्या पॉलिथिनला टेकल्या होत्या, एकीतले शेवाळ पिशवी फाटल्याने वाळले होते आणि त्या दोन टवटवीत फांद्यांवर सालीचा पूल होता. पूल खरवडून, नवे ओले शेवाळ बांधून त्या दोन्ही पुन्हा लावल्या. 9 पैकी 8 रोपे शेडनेटमध्ये टिकली. पालवी फुटलेल्या 31 काड्यांपैकी 12 काड्यांची पाने तोवर लोंबून वाळली होती. त्या उपटल्यावर सात काड्यांच्या तळाशी टपोरी गाठ निघाली, मुळी एकीलाही नव्हती.