काफुने: केसांतून फिरणाऱ्या बोटांचा इतिहास

'भाषांतर होऊ न शकणारे शब्द' अशा याद्या समाजमाध्यमांवर फिरत असतात. त्यांत ब्राझीलचा 'काफुने' हटकून असतो. माणसाच्या केसांतून प्रेमाने, सावकाश बोटं फिरवणं, एवढाच त्याचा अर्थ दिलेला असतो. अर्थ बरोबर आहे. पण हा शब्द कुठून आला आणि ती बोटं मुळात कोणाची होती, ते यादीत बसत नाही.

शब्द पोर्तुगीजमधला असला तरी तो बहुधा पोर्तुगालचा नाही. बहुतेक कोशकार त्याचं मूळ अंगोलातल्या किंबुंदू भाषेत शोधतात. नेमक्या कोणत्या शब्दापासून तो आला, यावर मात्र त्यांचं एकमत नाही. अंगोलाशी नातं जुळणं साहजिकच आहे, कारण गुलामांच्या व्यापारात ब्राझीलच्या किनाऱ्यावर सुमारे 48 लाख आफ्रिकी माणसं उतरवली गेली आणि त्यांतली फार मोठी संख्या अंगोला-काँगोच्या पट्ट्यातली होती. ब्राझीलच्या रोजच्या बोलण्यात शेंडेफळाला 'कासुला' म्हणतात, पोराला 'मुलेकी'. हे दोन्ही शब्दही तिकडचेच. गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीज राज्य होतं खरं, पण काफुनेची वाट अटलांटिकवरून गेली, आपल्याकडून नाही.

जुन्या ब्राझीली कोशांतली व्याख्या वाचली तर तिथे एक तपशील सापडतो, जो आता जवळजवळ पुसला गेला आहे. डोकं हलकेच खाजवायचं आणि मधूनमधून नखांचा 'टक्' असा आवाज करायचा, म्हणजे काफुने. हा आवाज कसला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. ऊ दोन नखांत धरून मारली की येतो, तोच. उवा बघण्याच्या कामातूनच हा लाड निघाला असावा, असं अभ्यासक म्हणतात. डोक्यात ऊ नसली तरी नखावर नख निसटवून आवाज काढायचा, आणि त्या ठेक्यावर ऐकणाऱ्याचे डोळे मिटायचे. काम संपलं, त्याची नक्कल तेवढी सुखासाठी उरली.

उसाच्या मळ्यांवरच्या मोठ्या वाड्यांत आणि शहरांतल्या श्रीमंत घरांत हे सुख घेणारी होती मालकीण, आणि देणारी 'मुकामा', म्हणजे घरकामाला ठेवलेली गुलाम स्त्री. 1850 च्या दशकात ब्राझीलमध्ये राहिलेल्या शार्ल एक्स्पीयी या फ्रेंच माणसाने हे दृश्य लिहून ठेवलं आहे: दुपारच्या उन्हाच्या वेळी घरातल्या बायका आतल्या खोलीत जातात, आवडत्या मुकामाच्या मांडीवर डोकं टेकतात आणि केस तिच्या बोटांच्या स्वाधीन करतात. ब्राझीलचे समाजशास्त्रज्ञ जिलबेर्तो फ्रेइरे यांनी 1933 च्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात मळ्यावरच्या या जीवनाचं वर्णन केलं. त्यांचं म्हणणं असं, की काळ्या दायांनी ब्राझीलच्या घरांना मऊपणा दिला, भाषेलासुद्धा. 'दुखतं' या अर्थाच्या 'दॉय'चं बाळबोलीत 'दोदॉय' झालं ते त्यांच्याच तोंडी. यात तथ्य आहे, पण गुलामगिरीला त्यांनी फार गोड रंग दिला हा त्यांच्यावरचा आक्षेपही मला पटतो.

साओ पाउलोत शिकवणारे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ रोजे बास्तीद यांनी तर 1941 च्या आपल्या पुस्तकात काफुनेचं मनोविश्लेषणच केलं. घरात कोंडलेल्या, पुरुषांच्या पहाऱ्यात वाढलेल्या बायकांच्या दडपलेल्या इच्छेला मिळालेली ही सभ्य वाट होती, असा त्यांचा निष्कर्ष. तो कोणाला ओढूनताणून काढलेला वाटेल. पण एक गोष्ट या सगळ्या लिखाणात समान आहे: मांडीवर डोकं कोणाचं होतं याचीच चर्चा होते. बोटं फिरवणाऱ्या मुकामाला काय वाटत होतं, थकून ती थांबू शकत होती का, हे त्यांतून कळत नाही.

1888 च्या 13 मे रोजी ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. वाड्यातला काफुने गेला, शब्द मात्र घराघरांत राहिला. बहुधा मुकामांनी आणि दायांनी तोच लाड कडेवरच्या मुलांचाही केला म्हणून, आणि त्यांच्या स्वतःच्या घरांत तो होताच म्हणून.

सुख का वाटतं, याला शरीराचंही उत्तर आहे. केस असलेल्या त्वचेत काही बारीक, मंद गतीचे मज्जातंतू असतात. सेकंदाला साधारण 1 ते 10 सेंटिमीटर या संथ वेगाने कोणी हात फिरवला की ते सर्वांत जास्त जागे होतात. भराभर चोळलं तर त्यांचा प्रतिसाद घटतो. म्हणून घाईत उरकलेला काफुने जमत नाही.

आज ब्राझीलमध्ये आजी नातवाला काफुने करते, नवरा बायकोला, आणि सोफ्यावरच्या मांजरालाही तो मिळतो. 'मी फाझ उं काफुने', म्हणजे 'मला जरा काफुने कर ना', असं लाडात येऊन म्हणतात. आता नाही म्हणायची मुभा समोरच्याला असते.